रविवारची सराव चाचणी आणि घरातला कॅमेरा : एका शिक्षिकेच्या पत्राचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

बेळगाव शहरातील एका मराठी शिक्षणसंस्थेच्या पदवीपूर्व महाविद्यालयातील हे प्रकरण आहे. संस्था, व्यक्ती आणि सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण यातील प्राचार्य आणि शिक्षिका दोघेही त्याच संस्थेत काम करीत आहेत. मी शहरातल्या दुसऱ्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. पत्राचा मसुदा तांत्रिक बाजूने तपासून द्यावा, एवढ्यापुरताच माझा या प्रकरणाशी संबंध आला.

पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, विज्ञान शाखेसाठी महाविद्यालयाने डिसेंबरपासून दर रविवारी सीईटीची सराव चाचणी सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस वर्ग आणि प्रात्यक्षिकांत जातात आणि खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांना रविवारी सोयीची बस मिळणे कठीण, म्हणून चाचणी घरूनच, मोबाईलवर घ्यायचे ठरले. या गुणांवरून दर महिन्याला गुणानुक्रम लागणार होता आणि वरच्या काही विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळणार होती. पैशाचा प्रश्न आला की कॉपीची शंका येणारच. ती मिटवण्यासाठी संस्थेने घरबसल्या पर्यवेक्षण करणारे एक ॲप वर्षभराच्या कराराने घेतले.

ॲपचे काम असे चालते. चाचणी उघडताच विद्यार्थ्याने ओळखपत्रासह स्वतःचा फोटो काढायचा; सॉफ्टवेअर चेहरा जुळवून पाहते. मग मोबाईलचा मागचा कॅमेरा चालू करून, खोलीच्या चारही भिंती, टेबल आणि जमीन दिसेल अशा रीतीने, फोन हळूहळू गोल फिरवायचा. त्यानंतर चाचणी संपेपर्यंत पुढचा कॅमेरा, माईक आणि मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते ते, असे तिन्ही मुद्रित होत राहते. शेवटी सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशेबाने संशयास्पद जागा निवडते आणि त्यांचे छोटे तुकडे शिक्षकांच्या पडद्यावर आणून ठेवते.

पहिल्या चाचणीनंतरच्या सोमवारी भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला तिच्या वर्गातील संशयितांची यादी तपासायला सांगण्यात आली. वर्गातील जवळजवळ निम्मी मुले त्या यादीत होती. तिने तुकडे पाहायला सुरुवात केली. `Noise Detected` असा शेरा मिळालेली मुले बहुतेक वडगाव आणि खासबाग भागातली होती, जिथे पुष्कळ घरांत पुढच्या खोलीत यंत्रमाग चालतो. रविवार असला तरी ऑर्डर पुरी करायची असेल तर माग बंद राहत नाही. एका मुलीला `Multiple Faces` असा शेरा होता. तिच्या मागे भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो होता आणि सॉफ्टवेअरने तो दुसरा माणूस म्हणून मोजला होता. आणखी काही मुलांना नजर सतत खाली जाते म्हणून खूण केली होती. भौतिकशास्त्राचे उदाहरण सोडवणारा विद्यार्थी कच्च्या कागदाकडे पाहणार नाही, तर पाहणार कुठे, हा प्रश्न ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

परंतु शिक्षिकेला अस्वस्थ केले ते चुकीच्या शेऱ्यांनी नव्हे, तर त्या तुकड्यांत काय काय दिसत होते त्याने. एका तुकड्यात खाटेवर पडलेल्या आजीचे अंग तिची सून पुसत होती. विद्यार्थ्याने खोली दाखवायची म्हणून कॅमेरा फिरवला होता आणि घरात खोली ती एकच होती. दुसऱ्या एका तुकड्यात पडद्यावर वरून बँकेच्या संदेशाची पट्टी सरकून आली आणि त्यातील ओटीपी स्पष्ट वाचता येत होता, कारण फोन विद्यार्थ्याचा नव्हता, वडिलांचा होता. हे सर्व पाहण्यासाठी लागणारे लॉगिन एकच होते आणि त्याचा पासवर्ड शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला होता.

पत्रापूर्वीची पाहणी

अशा वेळी बहुतेक जण थेट तक्रार लिहितात आणि तिचे उत्तर एका ओळीत येते की कंपनी विश्वासार्ह आहे. या शिक्षिकेने आधी आठवडाभर माहिती जमवली, आणि माझ्या मते पत्राचे वजन त्या माहितीत आहे.

तिने स्वतःच्या फोनवर ॲप घेऊन सेटिंगमध्ये त्याला दिलेल्या परवानग्या पाहिल्या. कॅमेरा आणि माईक अपेक्षितच होते. त्याखेरीज फोनमधील फोटो व फाइली आणि स्थान यांचीही परवानगी ॲप मागत होते. प्रश्नांना पर्याय निवडून उत्तर देण्याच्या चाचणीत या दोन्हींची गरज नसते. चाचणी संपल्यानंतरही ॲप ऐकत राहते का, हाही प्रश्न होता. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये कॅमेरा किंवा माईक चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो आणि `Privacy dashboard` या पानावर मागील चोवीस तासांत कोणत्या ॲपने ते केव्हा वापरले याची नोंद मिळते. तिने नमुना चाचणी देऊन ती नोंद पाहिली. उत्तरपत्रिका पाठवल्यावर दोन्ही बंद झाले होते. ही गोष्ट कंपनीच्या बाजूची होती आणि तिने ती पत्रात तशीच लिहिली.

त्यानंतर तिने कंपनीचे गोपनीयता धोरण वाचले. ते फक्त इंग्रजीत होते. मुद्रणे किती काळ ठेवली जातील याची मुदत त्यात नव्हती. व्यवसायासाठी आवश्यक असेल तोवर, एवढेच म्हटले होते. आणखी एका वाक्यात, सेवा सुधारण्यासाठी ही माहिती वापरण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. सरळ मराठीत याचा अर्थ असा की खासबागच्या मुलांचे चेहरे आणि त्यांच्या घरातले आवाज वापरून कंपनी आपले पुढचे सॉफ्टवेअर घडवू शकते.

मला विचारलेला प्रश्न मुद्रणाच्या आकाराचा होता. साधा, कमी दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला ३०० किलोबिट या वेगाने जातो असे धरले, तर ८० मिनिटांच्या एका विषयाच्या चाचणीचे १८० एमबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते बसते. पण जांबोटीच्या पुढे जिथे नेटवर्कच अडखळत चालते, तिथे हे मुद्रण वर चढत नाही आणि मुलाची चाचणी अर्ध्यावर तुटते. तुटली की तीही संशयास्पद म्हणून नोंदली जाते. मी हा आकडा तिला दिला आणि पत्रात घालू नये असेही सुचवले, कारण इंटरनेट चांगले झाले की हा आक्षेप संपतो. तिचा मूळ आक्षेप मात्र उत्तम इंटरनेटवरही तसाच राहतो.

पत्र

खालील पत्र शिक्षिकेच्या अनुमतीने, ओळख पटवणारा तपशील वगळून दिले आहे. मूळ पत्र मराठीत होते. संस्थेच्या नियामक मंडळासाठी आणि कंपनीला पाठवता यावे यासाठी एका पानाचा इंग्रजी गोषवारा सोबत जोडला होता. कार्यालयात आवक क्रमांक घालून तिने दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

माननीय प्राचार्य महोदय यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय : रविवारच्या सराव चाचणीत विद्यार्थ्यांच्या घरात होणारे चित्रण व ध्वनिमुद्रण.

रविवारच्या सराव चाचणीसाठी आपण जे ॲप घेतले आहे, त्याच्या नोंदी तपासण्याचे काम मला देण्यात आले होते. ते करताना ज्या गोष्टी लक्षात आल्या त्या आपल्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते. चाचणीत कॉपी होऊ नये आणि सवलत योग्य विद्यार्थ्याला मिळावी या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे. हा विषय मी पालकांशी किंवा विद्यार्थ्यांशी बोललेले नाही. प्रथम आपल्याशीच बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा पहिला आणि मुख्य आक्षेप खोली फिरवून दाखवण्याला आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये आपण विद्यार्थ्यावर नजर ठेवतो तेव्हा तो हॉल आपला असतो आणि तेथे असलेली प्रत्येक व्यक्ती परीक्षेसाठीच आलेली असते. घरात तसे नाही. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली नाही. जी खोली ते दाखवतात तिथेच आजारी माणूस झोपलेला असतो, तिथेच आई-बहिणी वावरतात. विद्यार्थ्याने संमती दिली आहे असे म्हटले, तरी त्या घरातील इतर कोणीही ती दिलेली नाही. मी पाहिलेल्या तुकड्यांपैकी काहींचे वर्णनही मी या पत्रात करणार नाही, कारण ते पाहण्याचा अधिकार मला नव्हता असे माझे मत आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या परीक्षेपूर्वी आपली निजण्याची खोली अशाच प्रकारे दाखवावी लागली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने ही घराची अवाजवी झडती ठरवली. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि ते विद्यापीठ सरकारी होते, हे मला माहीत आहे. परंतु प्रश्न तोच आहे आणि एका न्यायालयाने त्याचा साक्षेपाने विचार केला आहे, एवढ्यासाठी उल्लेख केला.

दुसरी गोष्ट पडद्याच्या मुद्रणाची. बहुतेक विद्यार्थी पालकांच्या फोनवर चाचणी देतात. त्या वेळी फोनवर येणारे बँकेचे, दवाखान्याचे, घरगुती संदेश मुद्रित होतात आणि ते एका समान पासवर्डने आपल्यापैकी कोणालाही पाहता येतात. उद्या एखाद्या पालकाच्या खात्यातून पैसे गेले आणि त्याने आमच्याकडे बोट दाखवले, तर नाही म्हणायला आपल्याकडे कोणताही आधार नाही. ते मुद्रण कोणी पाहिले याची नोंदच ठेवली जात नाही.

एवढे करून कॉपी पकडली जाते का, याविषयीही मला शंका आहे. माझ्या वर्गातील ज्या विद्यार्थ्यांवर खुणा होत्या त्यांपैकी बहुतेक खुणा मागाचा आवाज, वीज जाणे, घरातील माणसाचे येणे-जाणे आणि कच्च्या कामासाठी खाली पाहणे यांमुळे होत्या. दोन विद्यार्थ्यांबाबत मला काहीच ठरवता आले नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २०२१ मध्ये अशाच एका सॉफ्टवेअरची चाचणी घेतली होती. तीस विद्यार्थ्यांपैकी सहांना मुद्दाम कॉपी करायला सांगितले होते. सॉफ्टवेअरने त्या सहांपैकी एकावरही खूण केली नाही. ज्याला कॉपी करायची आहे तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर चिठ्ठी ठेवतो. पकडला जातो तो माग असलेल्या घरातला मुलगा.

कायद्याच्या बाजूने मी जे वाचले ते थोडक्यात मांडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्या खटल्यातील याचिकाकर्ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्या निकालातील कसोटी आपल्यालाही उपयोगी आहे : हेतू योग्य असला, तरी त्यासाठी योजलेला उपाय हेतूच्या प्रमाणात असावा लागतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत, त्यामुळे आज आपण त्या कायद्याचा भंग करीत आहोत असे माझे म्हणणे नाही. मात्र त्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि आपले जवळजवळ सर्व विद्यार्थी त्यात येतात. नियमांत शिक्षणसंस्थांना, स्वतःच्या शैक्षणिक कामापुरते विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, काही सूट दिली आहे. ती सूट आपल्याला मिळेल असे धरले, तरी ती आपल्या शैक्षणिक कामापुरतीच राहील. कंपनीने आपल्या विद्यार्थ्यांचे चेहरे स्वतःचे उत्पादन सुधारण्यासाठी वापरणे हे आपले शैक्षणिक काम कसे ठरेल, हे मला समजत नाही. शिवाय कंपनीने काही चूक केली, तर कायद्याच्या दृष्टीने जबाबदार आपली संस्था असेल, कारण कंपनी आपल्या वतीने काम करते.

याच कायद्यात, कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे म्हटले आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. आज ॲपमध्ये संमतीचे पान केवळ इंग्रजीत आहे आणि मोबाईलवर ते बहुधा विद्यार्थीच पालकांच्या वतीने दाबून पुढे जातात.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की पुढील रविवारपासून खोली फिरवून दाखवणे आणि पडद्याचे मुद्रण या दोन गोष्टी बंद कराव्यात. या दोन्ही सोयी आपल्या बाजूच्या सेटिंगमधून बंद करता येतात, हे मी पाहिले आहे. समान पासवर्ड आजच बदलावा. संमतीची सूचना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत द्यावी. आतापर्यंतची मुद्रणे कोठे साठवली आहेत, कोण पाहू शकते आणि ती केव्हा नष्ट होतील, याची लेखी माहिती कंपनीकडून मागवावी आणि ती मुद्रणे नष्ट करून घ्यावीत. सवलतीसाठी घरची चाचणी न धरता महिन्यातून एकदा महाविद्यालयातच, कागदावर, पर्यवेक्षकांसमोर परीक्षा घ्यावी. त्यासाठी रविवारी पर्यवेक्षणाला येण्याची माझी तयारी आहे. घरच्या चाचण्या मग केवळ सरावासाठी राहतील आणि त्यांत कॅमेऱ्याची गरज उरणार नाही.

नमूद करावेसे वाटते की चाचणी संपल्यावर ॲप कॅमेरा आणि माईक बंद करते असे मला आढळले. इतर कोणत्याही छुप्या मुद्रणाचा पुरावा मला मिळालेला नाही.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्र विभाग

पत्रानंतर

प्राचार्यांनी चौथ्या दिवशी तिला भेटायला बोलावले. भेटीच्या सुरुवातीला त्यांनी मांडलेला मुद्दा अपेक्षितच होता : दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर मंडळही कॅमेरे लावून वेबकास्टिंग करते, मग आपण केले तर काय बिघडले? पत्रातील हॉल आणि घर यांतला फरक इथे कामी आला. मंडळाचा कॅमेरा वर्गात असतो. विद्यार्थी त्याच्यासमोर येऊन बसतो आणि उठून घरी गेला की तो कॅमेरा मागे राहतो. प्राचार्यांनी यावर वाद घातला नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. ॲपचे पैसे भरून झाले होते आणि नियामक मंडळासमोर ते स्वतः त्याची बाजू मांडून आले होते. अशा स्थितीत, निर्णय चुकला असे त्यांच्याकडून वदवून घेण्याचा आग्रह धरला असता तर पत्र फाइलीत गेले असते. शिक्षिकेने मागितलेल्या गोष्टी करार न मोडता करता येण्यासारख्या होत्या. दोन सेटिंग बंद करणे आणि पासवर्ड बदलणे यासाठी मंडळाच्या बैठकीचीही गरज नव्हती. माझ्या मते पत्रातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग तो होता. संपूर्ण ॲप काढून टाका, अशी मागणी तिला मनातून करावीशी वाटत होती, हे तिने मला सांगितले होते.

सूट असल्याचे तिने स्वतःच लिहिले, याचाही उपयोग झाला. संस्थेच्या वकिलांनी पत्र वाचल्यावर तोच मुद्दा प्रथम काढला आणि तो पत्रात आधीच आहे हे पाहून त्यांचे लक्ष पुढच्या वाक्याकडे, म्हणजे कंपनीने माहिती स्वतःसाठी वापरण्याकडे, गेले. करारात त्या संदर्भात एकही कलम नव्हते. कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या नमुना करारावर संस्थेने जशीच्या तशी सही केली होती. लहान संस्थांत हे सर्रास घडते. शिक्का आणि सही यांच्यामध्ये करार वाचण्याची पायरी अनेकदा गळते.

भाषेच्या मुद्द्यावर मला थोडी काळजी होती. बेळगावात सूचनाफलकाच्या भाषेची गोष्ट निघाली की ती मूळ विषयाला बाजूला सारते, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. तिने मराठीबरोबर कन्नडही मागितली, कारण वर्गात कन्नड घरातली मुलेही होती, आणि मागणीचा आधार कायद्यात दाखवला. त्यामुळे हा मुद्दा वादाविना मान्य झाला आणि दोन्ही भाषांतील सूचनेचा मसुदा महाविद्यालयातील भाषाशिक्षकांनीच तयार केला. त्यात एक ओळ अशी आहे : ज्यांना घरून कॅमेऱ्यासमोर चाचणी द्यायची नसेल, त्यांना महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ती देता येईल. संमती खरी ठरते ती अशा ओळीमुळे, कारण नाही म्हणणाऱ्याला दुसरी वाट असेल तरच होय म्हणण्याला काही अर्थ राहतो.

पुढच्या रविवारपासून खोली दाखवणे आणि पडद्याचे मुद्रण बंद झाले. प्रत्येक शिक्षकाला वेगळे लॉगिन मिळाले आणि ते केवळ स्वतःच्या वर्गापुरते. सवलतीचा गुणानुक्रम जानेवारीपासून महाविद्यालयात घेतलेल्या मासिक परीक्षेवरून लावण्यात आला. ती परीक्षा सीईटीच्या धर्तीवर, एका विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटे, अशी कागदावर झाली. घरच्या चाचणीत सतत वर असलेले काही विद्यार्थी त्यात बरेच खाली आले. म्हणजे कॉपी होत होती, आणि कॅमेरा चालू असताना होत होती. आता शिक्षिका घरच्या चाचणीतील एखादे उदाहरण सोमवारच्या तासाला आकडे बदलून फळ्यावर सोडवायला देते. कोणाला येते आणि कोणाचे आलेले नव्हते, हे पाच मिनिटांत कळते.

चेहरा जुळवणे आणि पुढच्या कॅमेऱ्याचे मुद्रण मात्र अजून चालू आहे. घरच्या चाचणीला आता सवलतीचा संबंध उरलेला नसताना ते कशासाठी, या प्रश्नावर प्राचार्यांचे उत्तर असे आहे की पैसे भरलेली सोय वर्ष संपेपर्यंत वापरावी असे मंडळाला वाटते. नव्या करारात मुद्रणे तीस दिवसांनी नष्ट करण्याचे आणि ती अन्य कामासाठी न वापरण्याचे कलम असेल, हे त्यांनी लेखी दिले आहे.

जुन्या मुद्रणांबाबत कंपनीकडून एक ईमेल आला. त्यात, डिसेंबरमधील मुद्रणे चालू सर्व्हरवरून काढून टाकली आहेत, असे म्हटले होते. तो मला दाखवण्यात आला तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. चालू सर्व्हरवरून काढले म्हणजे राखीव प्रतींतूनही काढले असे होत नाही. अशा कंपन्या बॅकअप काही आठवडे किंवा महिने वेगळे ठेवतात. शिवाय चेहरा जुळवण्यासाठी सॉफ्टवेअर फोटोवरून आकड्यांची जी एक मालिका तयार करते, ती व्हिडिओ पुसला तरी वेगळी शिल्लक राहू शकते, आणि ईमेलमध्ये तिचा उल्लेखच नव्हता. चेहऱ्याच्या अशा नोंदी २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संवेदनशील माहितीत मोडतात, त्यामुळे इथे नव्या कायद्याच्या अंमलाची वाट पाहण्याचेही कारण नाही. शिक्षिकेने प्राचार्यांना दुसरे, अवघ्या चार ओळींचे पत्र दिले असून बॅकअप आणि चेहऱ्याच्या नोंदी या दोन्हींबाबत कंपनीने तारखेसह लेखी उत्तर द्यावे, अशी मागणी त्यात केली आहे. ते पत्र प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने कंपनीकडे पाठवले आहे आणि उत्तर येईपर्यंत नव्या करारावर सही न करण्याचे ठरले आहे.